फ्रेशरनं इंटरव्ह्यूत स्वतःबद्दल दोन मिनिटं काय बोलावं?

प्रश्न : बी.एस्सी. ॲग्री झालं. गाव दारव्ह्याजवळ. बियाणे कंपनीत फील्ड असिस्टंटचा इंटरव्ह्यू आहे. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला दोन मिनिटं काय बोलू? अनुभव शून्य आहे.

उत्तर :

सातव्या सत्रातलं रावे, म्हणजे गावात जाऊन कास्तकारांसोबत करायचं काम, केलंस ना? मग तुझा अनुभव त्या डायरीत आहे. ती काढ आणि एकच काम निवड, ज्यात तू स्वतः काही मोजलं, लावलं किंवा कोणाला पटवलं. दोन मिनिटांतलं निम्म्याहून जास्त बोलणं त्या एका कामावरच असू दे.

बहुतेक पोरं दहावीपासून टक्के सांगत येतात, मग वडील काय करतात, भाऊ-बहिणी किती, छंद कोणते. हे सगळं बायोडाटात लिहिलेलं असतं, म्हणून समोरचा माणूस तिसऱ्या-चौथ्या वाक्याला मान खाली घालून कागद वाचायला लागतो. तसं दिसलं की समजायचं, गाडी घसरली. 'मी मेहनती आहे, लवकर शिकतो' यानंही काही होत नाही. तुझ्याआधी आत गेलेला पोरगाही तेच बोलून आलेला असतो.

पऱ्हाटीचं काम केलं असेल तर बोलणं साधारण असं बसेल. गाव, आकडे आणि घडलेलं मात्र तुझ्या डायरीतलं घाल :

"नमस्कार सर. मी अमुक, दारव्हा तालुक्यातला. यंदा बी.एस्सी. ॲग्री पूर्ण केलं. रावेत आमच्या गटाकडे गुलाबी बोंडअळीचं काम होतं, त्यातले सापळे माझ्याकडे होते. लागवडीला 45 दिवस झाल्यावर तीन कास्तकारांच्या वावरात एकरी 2 कामगंध सापळे लावले आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहिले. एका वावरात आकडा 5 च्या वर गेला नव्हता, पण शेजारी फवारतो म्हणून कास्तकारानं पंप भरून ठेवला होता. त्यांना वही दाखवली आणि त्यांच्यासमोरच 20 हिरवी बोंडं फोडली. एकात अळी निघाली, म्हणजे 5 टक्के. फवारणीची पातळी 10 टक्क्यांची आहे. त्यांनी ती फवारणी थांबवली. या जागेचं कामही बांधावर जाऊन कास्तकाराशी बोलायचंच आहे, म्हणून अर्ज केला. दुचाकीचं लायसन्स आहे. दारव्हा, दिग्रस, नेर भागात रोज फिरू शकतो."

हे सावकाश बोललं तर सव्वा मिनिटाच्या आसपास जातं. दोन मिनिटं ही वरची मर्यादा आहे, ती भरलीच पाहिजे असं नाही. उरलेल्या वेळात आणखी एखादं काम कोंबू नको, नाहीतर पहिलं काम पुसलं जातं.

यात 'आमच्या गटाकडे' आणि 'माझ्याकडे' हे वेगळं ठेवलंय, ते मुद्दाम. सगळं 'आम्ही केलं' म्हटलं की पुढचा प्रश्न 'तू काय केलंस?' हाच येतो आणि तिथंच पोरं अडकतात.

दुसरं, जे बोलशील त्यावरच खोदून विचारतील. सापळ्याचं नाव काढलं की 'किती पतंगांना फवारायचं?' हा प्रश्न येणारच. सलग 3 रात्री, दर रात्री एका सापळ्यात 8 पतंग, हे तोंडावर पाहिजे. 'बीटीवर बोंडअळी कशी आली?' हेही विचारतील. अळीत प्रतिकारशक्ती आली, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. हे येत नसेल तर सापळ्याचा विषयच काढू नको, माती परीक्षणाचं किंवा बीजप्रक्रियेचं काम घे. घरच्या शेतीचंही चालतं, पण 'वडिलांना मदत करतो' एवढंच नको. कोणता निर्णय तुझ्या सांगण्यावरून झाला ते सांग.

भाषेचं म्हणशील तर पाठ केलेली इंग्रजी तिसऱ्या वाक्याला तुटते आणि मग मराठीही सुचत नाही. पहिलं वाक्य इंग्रजीत बोल आणि लगेच विचार, 'सर, पुढं मराठीत किंवा हिंदीत सांगू का?' फील्डच्या जागेसाठी हे सहसा चालतं. ते नाही म्हणाले तर हेच सगळं छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगायची तयारी ठेव.

पाठांतर शब्दांचं करू नको. चिठ्ठीवर पाच खुणा लिही : गाव-डिग्री, सापळे, पंप, 20 बोंडं, लायसन्स. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. घाबरल्यावर बोलणं पळतं, घरी 75 सेकंद लागलेलं तिथं 50 सेकंदांत संपतं. तसं होत असेल तर 'एकात अळी निघाली' म्हटल्यावर एक श्वास थांब. आणि मध्येच कोणी अडवून प्रश्न विचारला तर उत्तर दे, राहिलेलं भाषण पूर्ण करायला परत मागं जाऊ नको.