मातीच्या अहवालातले टक्के शंभर भरत नाहीत, मग पोताचा वर्ग कसा काढायचा?

प्रश्न : साहेब, आमचं शेत बदनापूर तालुक्यात आहे. मोसंबी लावायची म्हणून माती तपासून आणली. अहवालात सँड २४.२, सिल्ट २६.४, क्ले ३७.४ असं लिहिलंय, पण पोताचा वर्ग हा रकाना कोराच आहे. त्रिकोणात बघितलं तर तिन्ही रेघा एका जागी मिळत नाहीत. खाली मुक्त चुना ११.२ टक्के दिलाय. आमची जमीन कोणत्या वर्गात धरायची, आणि मोसंबी चालेल का?

उत्तर : आधी तिन्ही आकड्यांची बेरीज करा. ती ८८ येते, आणि रेघा मिळत नाहीत त्याचं कारण हेच. त्या त्रिकोणात वाळू, गाळ आणि चिकणमाती मिळून १०० टक्के धरलेले असतात. बेरीज कमी पडली की तीन रेघांमध्ये एक छोटा त्रिकोण मोकळा राहतो.

उरलेले १२ टक्के गेले कुठे, ते तुमच्याच अहवालात आहे. पिपेट पद्धतीने पोत काढताना चुनखडीयुक्त माती आधी सौम्य आम्लात धुतात, कारण चुना मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटवून ठेवतो. सेंद्रिय पदार्थही काढून टाकतात. मग वाळू, गाळ आणि चिकणमाती मोजतात, पण टक्के मात्र धुण्याआधीच्या मातीच्या वजनावर लिहितात. तुमच्या मातीतला ११.२ टक्के चुना आणि थोडे सेंद्रिय पदार्थ असे मिळून ते १२ टक्के होतात. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींच्या अहवालात अशी तूट दिसली तर प्रयोगशाळा चुकली असं लगेच समजू नका. मात्र अहवालावर हायड्रोमीटर पद्धत लिहिली असेल आणि तरी बेरीज शंभर नसेल, तर आकडा लिहिताना चूक झालेली असू शकते. त्या पद्धतीत वाळू सहसा वजाबाकीने काढतात, म्हणून बेरीज आपोआप शंभर यायला हवी. असा अहवाल परत नेऊन विचारावा.

आता तुमचे आकडे शंभरावर आणू. प्रत्येक आकड्याला १०० ने गुणा आणि ८८ ने भागा. वाळू २४.२ ची २७.५ होते, गाळ २६.४ चा ३०, आणि चिकणमाती ३७.४ ची ४२.५. बेरीज बरोबर १००.

हे आकडे त्रिकोणावर मांडा. डाव्या बाजूला चिकणमातीचे टक्के असतात. तिथे ४२.५ वर बोट ठेवून उजवीकडे आडवी, तळाशी समांतर रेघ ओढा. तळावर वाळूचे टक्के असतात आणि ते उजवीकडून डावीकडे वाढत जातात. तिथे २७.५ पासून वर डावीकडे तिरकी, उजव्या बाजूला समांतर रेघ न्या. या दोन रेघा जिथे छेदतात तो तुमचा बिंदू. उजव्या बाजूवर गाळाचा ३० चा आकडा शोधून तिथून खाली डावीकडे, डाव्या बाजूला समांतर रेघ ओढलीत तर तीही त्याच बिंदूतून जाते. ती पडताळणी झाली. बहुतेकांची चूक रेघेच्या दिशेत होते. वाळूची रेघ सरळ उभी ओढली की वर्ग भलताच निघतो.

तुमचा बिंदू चिकण वर्गात पडतो. या वर्गात चिकणमाती ४० टक्के किंवा जास्त, वाळू ४५ पर्यंत आणि गाळ ४० पेक्षा कमी असतो. आकडे शंभरावर न आणता ३७.४ चिकणमाती आणि २४.२ वाळू धरून बघितलं असतं तर वर्ग चिकण पोयटा निघाला असता, कारण २७ ते ४० टक्के चिकणमाती आणि २० ते ४५ टक्के वाळू हा त्याचा पट्टा. म्हणजे जमीन आहे त्यापेक्षा हलकी दिसली असती, आणि बागेचा निर्णय त्यावर झाला असता.

एक गोष्ट प्रयोगशाळेला जरूर विचारा : वाळू आणि गाळाची हद्द ०.०५ मिलिमीटर धरली की ०.०२? आपण वापरतो तो त्रिकोण अमेरिकन कृषी खात्याचा, तो ०.०५ वर बेतलेला आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हद्द ०.०२ असते आणि वाळू जाडी व बारीक अशी दोन ओळींत देतात. हद्द ०.०२ ची असेल तर थोडा गाळ बारीक वाळूत मोजला गेलेला असतो. तुमच्या बाबतीत मात्र निष्कर्ष फारसा बदलत नाही. चिकणमातीची हद्द दोन्हीकडे ०.००२ मिलिमीटरच आहे, त्यामुळे ४२.५ चा आकडा कायम राहतो. गाळ ४० च्या वर गेला तर वर्ग गाळयुक्त चिकण होईल, पण जमीन भारीच राहील.

तरीही ४२.५ हा ४० च्या अगदी जवळचा आकडा आहे, म्हणून हाताने खात्री करून घ्या. मूठभर मातीतले खडे आणि मुळ्या वेचा, थोडं थोडं पाणी घालत कणकेसारखी मळा, गुठळी राहू देऊ नका. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पट्टी पुढे काढा. पट्टी ५ सेंटिमीटर किंवा जास्त लांब होऊन मग तुटली तर चिकण, अडीच ते पाचच्या दरम्यान तुटली तर चिकण पोयटा. उन्हाळ्यात जमिनीला रुंद भेगा पडतात, पट्टीही लांब निघते आणि अहवालात चिकणमाती तीसच्या आत दिसते, असं असेल तर कण नीट सुटे न होताच मोजणी झाली असं समजून फेरतपासणी मागा.

मोसंबीचं उत्तर माझ्या मते आज ‘थांबा’ असं आहे. चिकण जमिनीत पावसाळ्यात पाणी मुळांशी साचतं, मूळकूज आणि डिंक्या वाढतात. त्याहून मोठी अडचण चुन्याची आहे. मोसंबीसाठी मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत असावा असं आपण सांगतो आणि तुमचा ११.२ आहे. अशा जमिनीत झाडाला लोह मिळत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

शिवाय हा नमुना तुम्ही वरच्या थरातूनच घेतला असेल. बागेसाठी तेवढ्यावर भागत नाही, कारण आपल्याकडे खाली जावं तसा चुना बहुधा वाढतो. प्रयोगशाळा २ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेलीच माती तपासते. चाळणीवर राहिलेला मुरूम आणि चुनखडीचे खडे या टक्क्यांत येतच नाहीत. म्हणून शेतात ९० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० अशा तीन थरांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, पिशवीवर खोली लिहा, आणि पोत, मुक्त चुना व खड्यांचं प्रमाण तिन्ही मागा. खालच्या थरांत चुना वाढलेला निघाला तर या तुकड्यात मोसंबी लावू नका. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन आणि तूर इथे चांगली येईल. चुना तिन्ही थरांत दहाच्या आसपासच राहिला आणि पाण्याला उतार मिळत असेल, तर रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमं उंच गादीवाफ्यावर लावण्याचा विचार करता येईल. तिन्ही अहवाल आले की ते आणि खड्ड्याच्या उभ्या कडेचा फोटो घेऊन कार्यालयात या.