टॉकची सुरुवात 90 पैशांपासून कर

अगं,

क्रिकेटच्या सट्ट्यावरच्या टॉकसाठीचा तुझा स्लाइड्सचा कच्चा ड्राफ्ट वाचला, आणि पहिल्या सहा स्लाइड्स लोभ, व्यसन, डोपामिन वगैरेवर आहेत त्या सुरुवातीतून सरळ काढ असं माझं मत आहे. कारण हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येक मुलाला वाटणार की हे दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय, मी काही लोभी नाही, मी तर अभ्यास करून लावतो. त्याला धरायचं असेल तर असा माणूस घे जो अजिबात लोभी नाही, दारू पित नाही, उधार घेत नाही, दर मॅचला मोजून एक हजार लावतो आणि शांतपणे झोपतो. आणि तो का हरतो ते दाखव. बाकी सगळं त्यानंतर.

तर भाव घे. टॉसवर किंवा अगदी बरोबरीच्या मॅचवर साधारण 90 पैसे भाव असतो, म्हणजे हजार लावले आणि जिंकलास तर नऊशे मिळतात, हरलास तर हजार गेले. परदेशी पद्धतीच्या भावात हेच 1.90 असं लिहितात, स्वतःचे हजार धरून एकोणीसशे परत. आता एका बाजूला एकाने हजार लावले, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याने हजार. बुकीकडे दोन हजार आले, कोणीही जिंको तो एकोणीसशे देणार, शंभर त्याचे. त्याला मॅच बघायचीसुद्धा गरज नाही. हे शंभर म्हणजे एकूण लागलेल्या पैशाचे 5 टक्के, आणि याच भावाने फक्त बरोबरीत सुटायचं असेल तर शंभरातल्या 52.63 पैजा बरोबर याव्या लागतात, पन्नास नाही.

मॅच बरोबरीची नसेल तरी हेच असतं, फक्त दिसत नाही. समज एका टीमचा भाव 1.35 आणि समोरच्याचा 3.10. एकला 1.35 ने भाग, येतात 74.1 टक्के, एकला 3.10 ने भाग, 32.3 टक्के. बेरीज 106 च्या वर गेली ना? शंभराच्या वरचं जे आहे ते दुकानाचं. ही एक गोष्ट मुलांना फळ्यावर करून दाखव, दोन भागाकार आणि एक बेरीज, बस्स.

आता इथे कोणीतरी म्हणणारच, 5 टक्के म्हणजे काय एवढं, हॉटेलात टिप देतो आपण तेवढी. इथेच थांब आणि वेळ घे कारण माझ्या मते सगळा टॉक याच जागेवर उभा आहे. हे 5 टक्के तू खिशातून आणलेल्या पैशावर लागत नाहीत, तू जितक्यांदा तो पैसा फिरवशील तितक्यांदा लागतात. तेच पीठ पुन्हा पुन्हा गिरणीत घातलं तर दर वेळी थोडं जात्यात राहणारच, तसं. आयपीएलच्या सीझनला 74 मॅचेस असतात. आपला शांत माणूस दहा हजार घेऊन बसला आणि दर मॅचला हजार लावले तर सीझनभरात त्याने 74 हजार फिरवले, आणि त्याच्या 5 टक्के म्हणजे 3,700 रुपये सरासरीने गेले. दहा हजारावर बघितलं तर 37 टक्के. याच माणसाला मॅच चालू असताना लावायची सवय लागली, एका मॅचमध्ये पाचशेच्या दहा पैजा, तर मॅचमागचं सरासरी नुकसान पन्नासवरून अडीचशेवर जातं, आणि चालू मॅचमधल्या भावात दुकानाचा हिस्सा बहुधा आणखी जास्त असतो. छोट्या छोट्या पैजा लावतोय म्हणून सेफ आहे असं वाटणारे इथेच जातात.

मग लोकांना हे कळत कसं नाही, हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर मानसशास्त्रात नाही, तुझ्याच सब्जेक्टमध्ये आहे. 74 नाणेफेकींसारख्या पैजा, सरासरी 37 जिंकणार, स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण 4.3. फायद्यात यायला 39 जिंकाव्या लागतात (39 गुणिले नऊशे म्हणजे 35,100, आणि 35 हरल्याचे 35,000, शंभर रुपये नफा). फक्त दोन जास्त! आणि निव्वळ नशिबाने 39 किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे 36 टक्के आहे. म्हणजे ज्यांना क्रिकेटमधलं काहीही कळत नाही अशा शंभर जणांपैकी छत्तीस जण सीझनच्या शेवटी फायद्यात असतात, आणि त्या प्रत्येकाकडे आपण का जिंकलो याची एक गोष्ट असते, पिच वाचलं, ड्यू ओळखला, अमक्या बॉलरचा स्पेल वगैरे. उरलेले चौसष्ट गप्प बसतात. कट्ट्यावर आपल्याला छत्तिसांचाच आवाज येतो.

आता दहा सीझन घे, 740 पैजा. फायद्यात यायला 390 लागतात, सरासरी 370, डेव्हिएशन 13.6. शक्यता 7-8 टक्क्यांवर येते. कारण तोटा पैजांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि नशिबाचा चढउतार फक्त तिच्या वर्गमूळाच्या प्रमाणात, त्यामुळे पैजा वाढतात तसा तोटा पुढे निघून जातो.

हे सांगण्यापेक्षा करून दाखव. शीटमध्ये एका खाली एक 740 ओळी, साठ कॉलम, प्रत्येक कॉलम हॉलमधल्या एकाचा, आणि सगळीकडे एकच फॉर्म्युला:

```
=IF(RAND()<0.5,900,-1000)
```

पहिल्या 74 ओळींची बेरीज दाखव, साठपैकी वीस-बावीस जण हिरव्यात असतील, त्यांना उभं राहायला सांग, टाळ्या वाजव, एखाद्याला विचार तुझी स्ट्रॅटेजी काय होती म्हणून. मग 740 ची बेरीज दाखव आणि कोण उभं राहतं बघ, चार-पाच जण राहतील. आकडे दर वेळी थोडे बदलतील, शीट काहीही टाइप केलं की नव्याने मोजतं, म्हणून आधी व्हॅल्यूज पेस्ट करून ठेव नाहीतर उभे असलेले मध्येच हरतील आणि हॉलमध्ये गोंधळ.

आता जो म्हणेल मी अभ्यास करतो, त्याला वेड्यात काढू नकोस, त्याचं म्हणणं तपासता येतं. समज तो खरंच 54 टक्के बरोबर असतो, 90 पैशांच्या भावाने ते फायद्याचं आहे, शंभरामागे 2.6 रुपये. पण तो 54 वाला आहे की 52.63 वर नशिबाने थोडा वर दिसतोय हे बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला किती पैजा लागतात माहितीये? पाच हजारांच्या वर. मॅचला एक या हिशोबाने आयपीएलचे सत्तरेक सीझन! म्हणजे एक-दोन सीझनच्या रेकॉर्डवर स्वतःला एक्स्पर्ट म्हणणं याला काही अर्थच नाही, खरोखर असला तरी त्याला स्वतःला ते माहीत असणं शक्य नाही. थोडी लवकर कळणारी एक खूण आहे, त्याने लावला तो भाव आणि मॅच सुरू होतानाचा शेवटचा भाव दोन्ही लिहून ठेवायचे. त्याने 1.90 ला घेतलेली टीम शेवटी सतत 1.80 ला वगैरे येत असेल तर काहीतरी आहे, नाहीतर नाही. आणि असे जे थोडे असतात त्यांचं परदेशात काय होतं तेही सांग, ब्रिटनमध्ये बेटिंग कायदेशीर आहे तरी सतत जिंकणाऱ्या ग्राहकाची लिमिट कंपन्या कमी करून टाकतात. हरणाऱ्याची नाही करत.

दोन गोष्टी अशा आहेत ज्या मुलं हमखास विचारतील. एक, डबल करत जायचं, हरलो की पुढची दुप्पट, एकदा जिंकलो की सगळं वसूल. पुस्तकात हे पूर्ण एकास एक भावावर असतं, 90 पैशांवर करून बघ. पाचशे हरला, हजार लावून जिंकला, नऊशे आले, चारशे फायदा. दोन हरून तिसरी जिंकला तर तीनशे. तीन हरून चौथी, शंभर. चार हरले की 7,500 गेलेले असतात, पाचवी आठ हजारांची जिंकली तरी 7,200 च मिळतात, म्हणजे जिंकूनही तीनशेचा तोटा! आणि सलग चार हरणं सोळातून एकदा होतं, काही अघटित नाही.

दुसरं म्हणजे चार मॅचेस एकत्र जोडून मोठा भाव घेणं. चारही 1.90 चे तर गुणाकार 13.03 येतो, खरी शक्यता सोळात एक. 5 टक्क्यांचा हिस्सा चार वेळा लागून साडेअठरा टक्के झाला. गंमत बघ, आपल्या आजोबांच्या काळातला मटकासुद्धा इथे जरा सभ्य निघतो. सिंगल आकड्याला दहात एक शक्यता, भाव नऊ, दुकानाचे 10 टक्के. जोडीला शंभरात एक, आणि सर्वसाधारण भाव नव्वद, म्हणजे तिथेही 10 टक्केच, नऊ गुणिले नऊ करून 81 नाही टेकवले. अर्थात 10 टक्के म्हणजे काही कमी नाही, मटक्याचं कौतुक करतोय असं समजू नकोस.

कायद्यावर एकच स्लाइड पुरे. बुकीकडे क्रिकेटवर लावणं महाराष्ट्रात गुन्हा आहेच, 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कुठल्याही ॲपचं नाव किंवा स्क्रीनशॉट स्लाइडवर नको, फुकटची जाहिरात होते आणि लक्ष तिकडेच जातं. आणि शेवटच्या स्लाइडवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोठ्या अक्षरात टाक, साठ जणांत एखादा उधारीत असू शकतो आणि तो सगळ्यांसमोर काही विचारणार नाही.

तुझी मानसशास्त्राची स्लाइड ठेव, एकच, जिंकता जिंकता हुकलेल्या पैजेची, ती चांगली आहे. बाकी पाच काढ. आणि प्रश्नोत्तरांत कोणी म्हणालं माझा मित्र दोन वर्षं जिंकतोय, तर वाद घालू नकोस. फक्त विचार की मित्राने बँक स्टेटमेंटमधून आत घातलेले आणि बाहेर काढलेले पैसे कधी वेगवेगळे बेरजेला घेतलेत का. बहुतेकांनी नसतात घेतलेले, मोठी काढलेली रक्कम लक्षात राहते, आत घातलेल्या वीस छोट्या नाही.

शीट तयार झाली की मला पाठव, फॉर्म्युला आधी एका कॉलमवर चालवून बघ आणि मगच खेच.

दादा