मराठीतून राजीनामा लिहिताना वरिष्ठांना कसं संबोधावं?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला. बेळगावातल्या एका मराठी पतसंस्थेत क्लार्क आहे, आता दुसरीकडे नोकरी लागलीय. राजीनामा मराठीतून द्यायचाय. आमचे मुख्य व्यवस्थापक वयानं वडिलांएवढे, घरच्या ओळखीतले, मी त्यांना काकाच म्हणतो. पत्रात महोदय लिहू, साहेब लिहू की काका? आदर कुठे कमी पडायला नको.

उत्तर :

‘काका’ पत्रात नको. तो शब्द त्यांच्या केबिनमध्ये वापरा, आणि पत्र देण्याआधी वापरा. “काका, दुसरीकडे नोकरी लागलीय, आधी तुमच्या कानावर घालायला आलो,” एवढं समोर बसून सांगितलंत की आदराचं निम्मं काम तिथेच होतं. वडीलधाऱ्या साहेबांना ही गोष्ट शिपायानं आणून दिलेल्या पाकिटातून कळली, तर आतलं पत्र कितीही नम्र असलं तरी मन दुखावतं.

पत्राचं काम वेगळं असतं. ते तुमच्या सेवा फाइलला लागतं, संचालक मंडळासमोर जाऊ शकतं, आणि पुढे कधी अनुभवाचा दाखला किंवा राहिलेलं येणं मागायला गेलात तर तेव्हाचे अधिकारी तेच पत्र काढून बघतात. त्यांना तुमचं घरचं नातं ठाऊक नसतं. मी बेळगावातच एका मराठी शिक्षण संस्थेच्या कार्यालयात आवक-जावक बघतो, सगळ्या तऱ्हेचे अर्ज हातावरून जातात. त्यावरून माझं मत असं झालंय की मराठी पत्रात आदर दोनच जागी दाखवावा, संबोधनात आणि क्रियापदात. बाकी मजकूर जितका सरळ, तितका वाचणाऱ्याचा मान राहतो.

पत्र कोणाच्या नावे लिहायचं हे आधी ठरवा. तुमचं नियुक्तीपत्र काढा आणि खाली सही कोणाची आहे ते बघा. ज्यांनी नेमलं त्यांनाच राजीनामा लिहायचा. सही अध्यक्षांची असेल तर ‘प्रति, मा. अध्यक्ष’ आणि त्याखाली ‘मार्फत : मा. मुख्य व्यवस्थापक’ असं लिहा. ही ‘मार्फत’ची ओळ सोडू नका. ती नसली तर तुमच्या साहेबांना ओलांडून परस्पर वर गेल्यासारखं दिसतं, आणि ते त्यांना ‘काका’ न म्हणण्यापेक्षा जास्त लागेल.

‘मा.’ पदाला लावावं आणि ‘श्री.’ नावाला. म्हणजे ‘मा. मुख्य व्यवस्थापक’ किंवा ‘श्री. अमुक तमुक, मुख्य व्यवस्थापक’. ‘मा. श्री.’ असं जोडूनही लिहितात, ते चालतं. पण त्यावर पुन्हा नावापुढे ‘साहेब’ आलं की सत्काराच्या फलकासारखं वाटायला लागतं. ‘साहेब’ तोंडी ठेवा. वरच्या जागी बाई असतील तर ‘श्रीमती’ लिहा आणि संबोधनात ‘महोदया’. ‘सौ.’ टाळा, कार्यालयीन पत्रात कोणाचं लग्न झालंय की नाही याचा संबंध येत नाही. ‘मॅडम’सुद्धा बोलण्यातच ठीक. पत्त्यात गावाचं नाव संस्थेच्या लेटरहेडवर जसं असेल तसंच उतरवा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं असलं तरी मराठी संस्थांच्या कागदांवर बेळगावही दिसतं. त्यावर आपलं मत दाखवायची जागा राजीनामा ही नाही.

संबोधन ‘महोदय,’ एवढंच. आपल्याकडे कन्नड पत्रलेखन शिकलेल्यांच्या हातून ‘मान्यरे’च्या वळणावर ‘मान्यवर,’ असं जातं. मराठीत मान्यवर म्हटलं की व्यासपीठावर बसलेली मंडळी डोळ्यांपुढे येतात, म्हणून एका अधिकाऱ्याला ते नको. ‘सा. न. वि. वि.’ही नको, आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ही नको, ती घरगुती पत्राची रीत आहे. ‘तीर्थस्वरूप’चंही तेच, मनात तसा भाव असला तरी.

आता ‘तुम्ही’ की ‘आपण’. इथे तुमच्या कन्नडचा चांगला उपयोग होईल. कन्नडात ‘नीवु’ म्हणाल तिथे ‘तुम्ही’, ‘तावु’ म्हणाल तिथे ‘आपण’. पत्रात पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘आपण’च ठेवा. मला सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे सुरुवात ‘आपणांस’ने करायची आणि तिसऱ्या ओळीत ‘तुमच्या मार्गदर्शनाखाली’ लिहायचं. पत्र लिहून झालं की फक्त हा एक शब्द शोधत एकदा वाचा. आणखी एक जपायचं : मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरची आदरणीय व्यक्तीही आणि आपण सगळे मिळूनही. ‘आपण ठरवल्याप्रमाणे मी जूनअखेरपर्यंत थांबेन’ या वाक्यात साहेबांनी एकट्यांनी ठरवलं की दोघांनी मिळून, ते कळत नाही. तिथे ‘आपल्या सूचनेनुसार’ असं लिहा. उलट ‘आपल्या संस्थेत’ मात्र खुशाल लिहा. त्यात ‘तुमची’ आणि ‘आमचीही’ दोन्ही अर्थ येतात, आणि निरोपाच्या पत्रात ते शोभतं.

खरी गडबड होते ती मुख्य वाक्यात. आदर दाखवण्याच्या भरात लोक लिहितात, ‘मी माझ्या पदाचा राजीनामा देऊ इच्छितो, तरी आपण योग्य तो विचार करावा.’ ऐकायला नम्र आहे, पण यात राजीनामा दिलेलाच नाही, नुसती इच्छा सांगितली आहे. मुदत कधीपासून धरायची असा प्रश्न उद्या निघाला तर या वाक्याचा तुम्हाला उपयोग होत नाही. ‘सादर करीत आहे’ हे क्रियापद घ्या. ‘सादर करणे’ वरिष्ठांकडेच होतं, म्हणून मान त्यातच आला, आणि गोष्टही निश्चित झाली. शिवाय ‘इच्छितो’, ‘इच्छिते’ असा फरक राहत नाही, ‘करीत आहे’ कोणीही लिहावं.

पुढची विनंती -आवा, -आवे रूपात करा. ‘मंजूर करा’ हा हुकूम वाटतो, ‘मंजूर करावा’ ही विनंती झाली. ‘कृपया मंजूर करण्याची कृपा करावी ही नम्र विनंती’ असं तिन्ही एकावर एक चढवू नका, ‘मंजूर करावा, ही विनंती’ यात सगळं येतं. आणि सुटका मागताना ‘सेवेतून कार्यमुक्त करावे’ म्हणा. नुसतं ‘कार्यमुक्त’ बदलीलाही वापरतात, म्हणून ‘सेवेतून’ हवंच. ‘सेवानिवृत्त’ तर चुकूनही नको, तो वयोमर्यादेचा शब्द.

तुमच्यासाठी मसुदा असा होईल. नियुक्तीपत्रात एक महिन्याची पूर्वसूचना आहे आणि सही मुख्य व्यवस्थापकांचीच आहे असं धरून चाललोय; तारखा, मुदत आणि पदनाम तुमच्याप्रमाणे बदला.

> दिनांक : ३१ मे
>
> प्रति,
> मा. मुख्य व्यवस्थापक,
> (संस्थेचे नाव व पत्ता, लेटरहेडप्रमाणे)
>
> विषय : लिपिक पदाचा राजीनामा सादर करणेबाबत.
>
> महोदय,
>
> मी आपल्या संस्थेच्या (शाखेचे नाव) शाखेत लिपिक या पदावर कार्यरत आहे. वैयक्तिक कारणास्तव मी या पदाचा राजीनामा सादर करीत आहे. नियुक्तीपत्रातील अटीनुसार हे पत्र एक महिन्याची पूर्वसूचना समजावे आणि दि. ३० जून रोजी कामकाजाची वेळ संपल्यानंतर मला संस्थेच्या सेवेतून कार्यमुक्त करावे, ही विनंती.
>
> माझ्याकडील रोख, नोंदवह्या व किल्ल्या आपण नेमून द्याल त्या कर्मचाऱ्याकडे यादीसह सुपूर्द करीन.
>
> कर्जप्रकरणांचे काम मी आपल्या हाताखाली शिकलो. आपण वेळोवेळी केलेल्या मार्गदर्शनाबद्दल मी आपला ऋणी आहे.
>
> आपला विश्वासू,
> (सही)
> (नाव, पद, शाखा)

कारण ‘वैयक्तिक’ एवढंच पुरे. नव्या नोकरीचं नाव आणि पगार काकांना तोंडी सांगा, फाइलला कशाला?

आभाराची ओळ मात्र मोघम ठेवू नका. ‘आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल शतशः आभार’ हे कोणालाही लिहिता येतं, म्हणून कोणालाच पोचत नाही. त्यांनी तुम्हाला खरोखर काय शिकवलं ती एकच गोष्ट लिहा. तुमचं काम कर्जाचं नसून पिग्मीचं असेल तर तसं लिहा. वयानं मोठ्या माणसाला चार विशेषणांपेक्षा हे एक वाक्य जास्त आवडतं, आणि ‘काका’ न लिहिता आपुलकी तिथे येते.

शेवटच्या ओळीला ‘आपला विश्वासू’ हेच योग्य. कन्नडातलं ‘तम्म विश्वासी’ तेच आहे, त्यामुळे अडखळायचं कारण नाही. बाई लिहीत असतील तर ‘आपली विश्वासू’, आणि वर ‘शिकले’. ‘आज्ञाधारक’ शाळेच्या रजेच्या अर्जात राहू द्या.

मसुद्यात एक नेहमीचं वाक्य मी मुद्दाम ठेवलेलं नाही : ‘माझ्याकडून कामात काही चुका झाल्या असल्यास क्षमा असावी.’ आपल्याकडे निरोप घेताना असं म्हणायची रीत आहे आणि ती चांगली आहे, पण तोंडी. तुम्ही रोख हाताळता. पुढे हिशेबात फरक निघाला तर तुमच्या सहीखाली, तुमच्याच अक्षरात लिहिलेल्या त्या ओळीचा अर्थ निराळा लावला जाऊ शकतो. निरोप समारंभात नमस्कार करून म्हणा, मनापासून म्हणा, कागदावर नको.

पत्राच्या दोन प्रती काढा. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्या, कारण मुदत मोजताना पत्रावर घातलेल्या तारखेपेक्षा पत्र मिळाल्याची तारीख धरली जाऊ शकते. ३१ मेचं पत्र ३ जूनला आवक झालं तर ३० जूनला महिना भरत नाही. काकांकडे पोहोच मागायला संकोच वाटला तर ती त्यांच्याकडे मागूच नका, आवक टेबलावर मागा. तिथे तो रोजचाच व्यवहार असतो. आणि मुख्य व्यवस्थापक किंवा अध्यक्ष कन्नड भाषक असतील, किंवा कागद पुढे सरकारी कार्यालयात जाणार असेल, तर याच मजकुराची कन्नड प्रत सोबत जोडा. दोन्हीवर तारीख एकच हवी आणि सही दोन्हीवर हवी.