जुन्या तांब्याच्या नाण्याचा फोटो कसा काढावा?

प्रश्न: आजोबांच्या पेटीत तांब्याचं एक जाडसर, वेडंवाकडं नाणं सापडलं. फोटो टाकला, पण कुणालाच ओळखता आलं नाही. फोटो कसा काढू?

आपल्या वर्णनावरून हे नाणे शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासून चालत आलेले मराठ्यांचे तांब्याचे नाणे, असण्याची शक्यता आहे, म्हणून त्याच अनुषंगाने सांगतो. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी नागरी अक्षरे असतात. परंतु ठसा बहुधा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे प्रत्यक्षात त्यांतील काही अक्षरेच, तीही कडेला कापलेली, उमटतात. एका बाजूला ‘राजा’चा अर्धा भाग आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र’ एवढेच दिसले, तरी ती दोन्ही एकत्र पाहणाऱ्या जाणकाराला ते पुरते. म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो अवश्य द्यावेत.

खरी अडचण उजेडाची असते. फ्लॅश समोरून पडला की झिजलेल्या अक्षरांच्या सावल्याच नाहीशा होतात आणि नाणे सपाट चकतीसारखे दिसते. फ्लॅश बंद करून, खोलीत अंधार करून, टेबलावरचा एकच दिवा नाण्याच्या जवळजवळ पातळीवर आणावा, म्हणजे प्रकाश अक्षरांच्या कडांना घासून जाईल. फोन मात्र नाण्याच्या अगदी वर, समांतर असावा. तयार फोटोत उजेड वरच्या डाव्या बाजूने आलेला दिसावा; तो खालून आलेला असेल, तर उठावाची अक्षरे खोलगट भासतात आणि वाचणारा फसतो. एकदा फोटो काढून झाल्यावर नाणे पाव वळण फिरवून पुन्हा काढावा, कारण दिव्याच्या दिशेला समांतर असलेल्या रेषांना सावलीच पडत नाही. उत्तरकालीन दुदांडी शिवराईवरील जोड रेषा अशाच निसटतात.

मापासाठी शेजारी रुपयाचे नाणे ठेवण्याची सर्रास पद्धत आहे. मला ती पसंत नाही. 1992 च्या मालिकेतील रुपया 25 मिमी, 2011 चा सुमारे 22 मिमी, तर 2019 चा 20 मिमी व्यासाचा आहे, आणि फोटोत कोणता आहे हे कळतेच असे नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी नाण्याला चिकटून ठेवावी आणि जाड नाण्याच्या वरच्या पातळीला येईल इतका पुठ्ठा तिच्याखाली सरकवावा. फोन फार जवळ आणल्यास प्रमाण बिघडते; वीतभर दूर धरून दुप्पट झूम करावे. वजनही लिहावे, कारण पूर्ण शिवराई साधारण 10 ते 13 ग्रॅमची असते, अर्धी त्याच्या निम्मी, आणि मापाशिवाय फोटोत दोन्ही सारखीच दिसतात.

कडेचा एक फोटो जरूर द्यावा. कडेभोवती सलग बारीक सांधा किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसले, तर ते साच्यात ओतलेले नकली नाणे असण्याचा संशय घ्यावा लागतो. आणि फोटोपूर्वी चिंचेने घासू नये. जुना काळपट थर गेला की परत येत नाही.