करारातली ‘मध्यरात्र’ नेमकी कुठली?

प्रश्न : आमची नागपुरात छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. बोस्टनच्या क्लायंटच्या करारात डिलिव्हरी ‘२० नोव्हेंबर, मध्यरात्रीपर्यंत’ एवढंच लिहिलंय. कुठली मध्यरात्र धरायची?

उत्तर : मी नागपुरात करारांचे मसुदे तपासायचं काम करते. तुमच्या या ओळीत दोन गोष्टी मोकळ्या राहिल्यात. एक म्हणजे टाइम झोन. दुसरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही : २० तारीख सुरू होतानाची मध्यरात्र की संपतानाची?

आपल्या घड्याळात मांडून बघा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर बोस्टन आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. म्हणजे सगळ्यात आधीची मुदत १९ तारखेच्या रात्री १२ वाजता संपते आणि सगळ्यात उशिराची, बोस्टनची २० तारीख संपते तेव्हा, आपल्याकडे २१ तारखेला सकाळी १०:३० वाजता. एकाच ओळीत साडेचौतीस तासांचा फरक!

वाद झालाच तर आधी करारातच उत्तर शोधतात : कायदा कुठला लागू, काम कुठे सुपूर्द करायचं, आधीचे हप्ते कुठल्या वेळेला स्वीकारले गेले, मेलमध्ये काय ठरलं होतं. भारतीय कायदा लागू असेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४७ बघा. त्यात वेळेचा संबंध काम जिथे पूर्ण करायचं त्या जागेशी जोडलाय. त्यामुळे फाइल क्लायंटच्या बोस्टनच्या सर्व्हरवर द्यायची असेल, तर तिथली वेळ धरा हे म्हणणं मला जास्त पटण्यासारखं वाटतं. पण तो तुमचा युक्तिवाद झाला, हमी नव्हे. ‘वेळ हा कराराचा गाभा’ असं कलम असेल, तर उशीर झाल्यावर समोरच्याला करार रद्द करता येतो. तिथे युक्तिवादावर विसंबू नका.

म्हणून आजच मेल टाका : ‘२० नोव्हेंबर २०२६, रात्री ११:५९, भारतीय प्रमाण वेळ, यूटीसी +५:३०, असं आम्ही धरतोय, कृपया होकार कळवा.’ करारात बदल लेखी आणि सहीनिशीच व्हावा अशी अट असेल, तर एका पानाची पुरवणी करून घ्या. होकार येईपर्यंत १९ च्या रात्रीचीच तयारी ठेवा. नुसतं ‘आयएसटी’ लिहू नका, आयर्लंड आणि इस्रायलही तीच अक्षरं वापरतात. अमेरिकेची वेळ ठरली तर ‘ईएसटी’ऐवजी ‘बोस्टनमध्ये त्या दिवशी चालू असलेली वेळ’ लिहा, कारण उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं. पुढच्या करारात मध्यरात्र नकोच, संध्याकाळी ६ लिहा.

‘दिलं’ म्हणजे काय, हेही त्याच ओळीत येऊ द्या. आपल्या आयटी कायद्याच्या कलम १३ नुसार, वेगळं ठरलं नसेल तर, समोरच्याने नेमून दिलेल्या सिस्टिममध्ये फाइल पोचते तेव्हा ती मिळाली असं धरतात. तुम्ही ११:५० ला अपलोड सुरू केलंत आणि ते १२:०५ ला संपलं, तर वेळ १२:०५ चीच लागेल.