स्थळाला नकार कळवताना: फोन, मेसेज की ईमेल?

*"माझ्या मावशीने सुचवलेल्या स्थळाला मी नाही म्हणायचे ठरवले आहे. मुलगा न्यू जर्सीत असतो, त्याचे आईवडील साताऱ्याला. डिसेंबरमध्ये तो आला असताना दोन वेळा भेटलो आणि त्यानंतर सहा आठवडे आम्ही दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर बोलत आहोत. माणूस चांगला आहे, पण मला तिकडे जाऊन राहायचे नाही, हे आता मला पक्के कळले आहे. आई म्हणते, मावशी कळवेल. भाऊ म्हणतो, मेसेज टाक आणि मोकळी हो. फोनवर मला रडू येईल, म्हणून व्हॉइस नोट पाठवावी असे वाटते. त्याच्या वडिलांनी पत्रिका आणि माहिती ईमेलने पाठवली होती, त्यांनाही उत्तर द्यायचे आहे. कोणाला कसे कळवू?"*
*— एक वाचक, नाशिक*

तुमचे पत्र वाचून मला आमच्या घरातली एक संध्याकाळ आठवली. माझ्या धाकट्या भावाचे एक स्थळ जवळजवळ ठरत आले होते. मुलीशी त्याचे महिनाभर बोलणे चालू होते. नकार आला तो आईच्या मोबाइलवर, दोन ओळींचा. आई पोळ्या लाटत होती, पिठाच्या बोटांनी तिने मेसेज उघडला आणि हातातले लाटणे तिने हळूच पोळपाटावर ठेवले. समोर जेवायला बसलेल्या भावाला तो नकार आईच्या चेहऱ्यावरून कळला. त्याला दुःख नकाराचे झाले नाही, महिनाभर जिच्याशी तो बोलत होता तिने आपल्याला काहीच सांगितले नाही याचे झाले, आणि ते पुढे बराच काळ टिकले.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, हा नकार प्रथम त्या मुलाला आणि तुमच्याच तोंडून कळला पाहिजे. केवळ बायोडेटा आणि फोटो आलेले असते तर ज्या मार्गाने ते आले त्याच मार्गाने गेलेला दोन ओळींचा मेसेज पुरेसा होता, किंबहुना तोच योग्य होता, कारण तिथे फोन केल्याने समोरच्याला उगाच अवघडल्यासारखे होते. एकदाच कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला असता तर वडीलधाऱ्यांनी वडीलधाऱ्यांना फोन करणे ही आपली रीत पुरली असती. पण सहा शनिवार त्याने तुमच्यासाठी वेळ काढून ठेवला, त्या वेळेभोवती त्याने काही मनात बांधले असेल, आणि ऐकल्यावर त्याला काही विचारावेसे वाटेल. ज्या नकारानंतर समोरच्याला बोलायचे असते, तो नकार बोलूनच द्यावा लागतो.

व्हॉइस नोटमध्ये नेमकी हीच सोय नसते. तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो, पण त्याचा तुमच्यापर्यंत येत नाही. तो ती रेल्वेत ऐकेल की ऑफिसात, हे तुमच्या हातात राहत नाही. ती साताऱ्याला पुढे पाठवली गेली तर तुमचा भरून आलेला आवाज स्पीकरवर चार माणसांत ऐकला जाईल. रडू येण्याची भीती मी समजू शकते. फोनवर थोडे रडू आले तर ते तुम्हा दोघांतच राहते. मावसबहिणीला "हळदीकुंकवाला जमत नाही गं" असे सांगायला व्हॉइस नोट फार छान, कारण तिथे आवाजातल्या जिव्हाळ्यानेच काम होते आणि उत्तराची घाई नसते.

आता प्रत्यक्ष कसे करावे ते सांगते. नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर हे अचानक सांगू नका, कारण तो हसऱ्या चेहऱ्याने गप्पांना बसलेला असेल आणि धक्का बसल्यावर त्याला स्वतःचा चेहराही सावरावा लागेल. शुक्रवारी एवढाच मेसेज करा: "उद्या व्हिडिओऐवजी साधा फोन करूया का? आपल्या निर्णयाविषयी बोलायचे आहे." एवढ्यावरून त्याला अंदाज येतो आणि मनाची थोडी तयारी होते. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे असते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे पुढे सरकली की हा फरक साडेनऊ तासांचा होतो. त्यामुळे त्याच्या शनिवारी सकाळी दहाला फोन केलात तर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ किंवा साडेसात वाजलेले असतील. त्याला लगेच कामावर जायचे नसेल, आणि साताऱ्यातली मंडळीही जागी असतील. ही दुसरी गोष्ट का महत्त्वाची, ते पुढे येईलच.

फोनवर नकार पहिल्या दोन वाक्यांत यावा. हवापाण्याच्या गप्पांत पाच मिनिटे गेली तर त्याची आशा उगाच वाढते. "मी खूप विचार केला. मला हे लग्न करायचे नाही, आणि हे मला तुला स्वतः सांगायचे होते," असे म्हणा आणि थांबा. त्याने कारण विचारले तर खरे कारण एकदाच सांगा: "मला भारत सोडून राहायचे नाही. आधी जमेल असे वाटले होते, आता नक्की कळले की जमणार नाही." पत्रिकेचा आधार घेऊ नका. पत्रिका जुळत नाही म्हटले की समोरचे लोक दुसऱ्या ज्योतिषाकडे जातात, शांत करून घेऊ म्हणतात, आणि तुम्हाला तोच नकार पुन्हा द्यावा लागतो. तो कदाचित म्हणेल, मी दोन वर्षांत परत येतो. त्या क्षणी "बघू" हा शब्द तोंडून निघू देऊ नका. तुमच्या दृष्टीने तो नम्रपणा असतो, त्याच्या कानाला तो अर्धा होकार वाटतो.

फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत मावशींना फोन करा. त्यांच्या शब्दावर दोन घरे एकत्र आली होती, त्यामुळे ही बातमी त्यांना साताऱ्याहून कळली तर त्यांचा मान राहत नाही. कळवण्याचे काम मात्र त्यांच्यावर टाकू नका. मध्यस्थाच्या तोंडून गेलेले कारण दुसऱ्या घरी पोहोचेपर्यंत बदललेले असते. मग त्याच रात्री तुमच्या वडिलांनी त्याच्या वडिलांना फोन करावा, कारण मुलगा घरी बोलेलच आणि मुलीकडून कोणी साधा फोनही केला नाही, असे त्यांना वाटता कामा नये.

ईमेल दुसऱ्या दिवशी. त्यांनी लिहून पाठवले होते, तेव्हा लिहून उत्तर देणे हा त्यांचा मान आहे. पण नकार त्यांना ईमेलमधून प्रथम कळू नये. "काल बाबांचे आपल्याशी बोलणे झालेच आहे. आपण दिलेल्या वेळेबद्दल आणि आपुलकीबद्दल मनापासून आभार. आपण पाठवलेली पत्रिका आणि कागद मी माझ्याकडून काढून टाकले आहेत; माझी माहिती आणि फोटोही आपण काढून टाकावेत, ही विनंती," एवढे पुरे. कारण पुन्हा लिहू नका, कारण लिहिलेल्या कारणावर नातेवाइकांत चर्चा होते.

शनिवारी त्याने फोन उचलला नाही तर लगेच मेसेजमध्ये नकार लिहू नका. रविवारी पुन्हा करा. दोन्ही वेळा उचलला नाही तर मात्र लिहून कळवायला हरकत नाही. आणि आजवरच्या बोलण्यात तो कधी तुमच्यावर ओरडला असेल किंवा त्याने धमकावले असेल, तर वरचे सारे बाजूला ठेवा, लेखी कळवा आणि फोन घेऊ नका.

सगळे नीट झाले तरी त्या रात्री त्याचा एखादा लांब मेसेज येण्याची शक्यता आहे. तो वाचा, पण रात्री उत्तर देऊ नका. सकाळी दोन ओळींत एकदाच उत्तर द्या, आणि पुढच्या शनिवारची ती वेळ मोकळी राहू द्या.