'रिप्लाय जात नाहीये' एवढ्यावर बग सापडत नाही

अरे, रात्रीच्या शिफ्टला तू सपोर्ट तिकिटांच्या बगबद्दल ग्रुपवर नुसतं 'रिप्लाय जात नाहीये' टाकलंस, पण त्यावरून डेव्हलपर काय शोधणार? आधी इनकॉग्निटोमध्ये टेस्ट तिकिटावर परत करून बघ, आणि जे केलंस ते क्रमाने लिही: तिकीट उघडलं, अर्धा तास तसंच ठेवलं, मग रिप्लाय टाइप करून सबमिट केलं, स्क्रीनवर 'सेंट' आलं पण रिफ्रेश केल्यावर रिप्लाय गायब. लगेच सबमिट केलं तर जातो, हेही लिही, कारण खरा धागा तिथेच आहे, लॉगिनचं सेशन संपलेलं असणार. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये 401, म्हणजे लॉगिन ग्राह्य नसल्याचा एरर, दिसला तर वेळेसकट स्क्रीनशॉट लाव, फक्त कस्टमरचा नंबर झाक.

इम्पॅक्टमध्ये 'खूप त्रास होतोय' नको. सॉल्व्ह केलेल्या पण रिप्लाय नसलेल्या तिकिटांचा फिल्टर लाव आणि आकडा दे, त्यात रिफंडवाली किती ते वेगळं सांग, प्रायॉरिटी त्यावरच ठरते.

आणि टीमला लगेच कळव: सबमिटआधी मजकूर कॉपी करा, पेज रिफ्रेश करून लॉगिन करा, मग पेस्ट करा, अटॅचमेंट मात्र परत जोडावी लागेल. हा मेसेज हँडओव्हरमध्ये बग आयडीसकट पिन कर, नाहीतर सकाळची शिफ्ट तोच बग नव्याने टाकते.